नुसतं ‘प्लीज चेक’ आणि खाली फोटो: आधी काय तपासायचं?

त्या 23 लाल गोलांची गोष्ट आधी सांगते, कारण ते गोल मीच केले होते.

गणपतीच्या आधीचे दिवस. आमच्या इंदूरच्या मराठी मंडळांमध्ये तेव्हा स्पर्धांचा नुसता पाऊस असतो, त्यातलीच एक निबंध स्पर्धा, विषय ‘माझं शहर’. शेजारच्या आठवीतल्या पोराने वहीची दोन पानं लिहिली आणि त्याच्या आईने रात्री साडेदहाला मला दोन फोटो पाठवले, खाली दोनच शब्द, ‘प्लीज चेक’. बस. कशासाठी, कधीपर्यंत, काय बघायचं, काही नाही. मी शाळेत वर्षानुवर्षं हिंदी शिकवलेली बाई, घरी मराठी, हातात फोन आणि फोनमध्ये लाल पेन, मग काय विचारता, पलंगावर पडल्या पडल्या अर्ध्या तासात 23 गोल करून पाठवून दिले आणि समाधानाने झोपले.

दुसऱ्या दिवशी पोराने फेअर कॉपी केली. सगळे 23 गोल दुरुस्त. एकही चूक नाही. आणि निबंध मेला.

म्हणजे काय ते सांगते. मूळ निबंधात तिसऱ्या पॅराग्राफमध्ये एक वाक्य होतं, ‘आजोबा चहाची पत्ती रोज सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकतात आणी आजी सकाली गाड़ी यायच्या आधी ती हाताने काढते.’ अख्ख्या दोन पानांत त्या पोराने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली ही एकच गोष्ट होती, बाकी सगळं ‘स्वच्छता ही काळाची गरज’ टाइप. पण या एका ओळीत माझे तीन गोल होते: ‘आणी’, ‘सकाली’, ‘गाड़ी’. पोराने विचार केला असणार की ही ओळ धोक्याची आहे, आणि काढूनच टाकली. तिच्या जागी ‘आपण सर्वांनी मिळून शहर स्वच्छ ठेवले पाहिजे.’ शुद्ध. बिनचूक. आणि कुणाचंही.

अजून वाईट पुढे आहे. पहिल्या पॅरात त्याने लिहिलं होतं ‘सन 2016 पासून आपला शहर देशात पहिला आहे’. मी ‘आपला’ला गोल केला, कारण मराठीत शहर नपुंसकलिंगी, ‘आपलं’ पाहिजे. आणि 2016 तसंच सोडलं! स्वच्छ सर्वेक्षणात 2016 साली पहिलं मैसूर होतं, आपला नंबर पहिला लागला 2017 पासून, हे इथल्या शेंबड्या पोराला माहिती पाहिजे आणि मला माहिती होतंच, पण माझी नजर ह्रस्व-दीर्घाच्या गिअरमध्ये अडकलेली होती, तिला आकडा दिसलाच नाही. निकालानंतर कागद परत आला तेव्हा परीक्षकांनी त्या 2016 खाली पेन्सिलने एक रेघ मारलेली होती. एवढीच एक रेघ.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय आणि त्यावरून माझी घरात, शाळेतल्या जुन्या मैत्रिणींशी, सगळ्यांशी भांडणं झालीत. मत असं की नुसतं ‘प्लीज चेक’ आलं आणि पुढे काहीच कळत नसेल तर आधी मजकूर बघायचा, शुद्धलेखनात फक्त सवयी दाखवायच्या, चुका मोजायच्या नाहीत, आणि मार्क तर अजिबात द्यायचे नाहीत. हे का ते नीट सांगते, कारण समोरचे लोक जे म्हणतात तेही अगदीच चूक नाहीये.

मुळात घोळ ‘तपासणे’ या शब्दातच आहे. आपण वही तपासतो म्हणजे टिक करतो आणि खाली सही ठोकतो. पेपर तपासतो म्हणजे मार्क देतो. शुद्धलेखन तपासतो म्हणजे चुका काढतो. तीन वेगळी कामं, शब्द एकच, आणि त्यात इंग्रजी ‘चेक’ येऊन बसला तो तर याहूनही ढिला. छापखान्यात असं चालत नाही, तिथे मुद्रितशोधक वेगळा आणि संपादक वेगळा, मुद्रितशोधकाने लेखकाला ‘तुझा मुद्दा कच्चा आहे’ सांगायचं नसतं. बोर्डातसुद्धा निकाल लागल्यावर उत्तरपत्रिकेची कॉपी मागणं वेगळं, बेरीज पडताळून घेणं वेगळं आणि उत्तर पुन्हा तपासून घेणं वेगळं. आणि आपण मात्र रात्री साडेदहाला दोन शब्दांत हे सगळं एकदम मागतो आणि समोरची बाई तिला जे जास्त येतं ते करते. मला शुद्धलेखन येतं म्हणून मी गोल केले. माझ्या भावाला, जो भंवरकुआंला कोचिंगमध्ये शिकवतो, त्याला तोच फोटो दाखवला असता तर त्याने वर ‘6/10’ लिहून मोकळं केलं असतं. चेक करणाऱ्याच्या सवयीवरून पोराला काय मिळणार ते ठरतं, कागदाच्या गरजेवरून नाही, माझं दुखणं हे आहे.

आता आधी शुद्धलेखन, कारण त्यावर माझी पुष्कळ वर्षं गेलीत.

ते 23 गोल मी नंतर शांतपणे परत काढून बसले आणि वर्गवारी केली. ‘कि’ सात वेळा. ‘शक्ति’ दोनदा. ‘गाड़ी’ पाच वेळा, ड खाली नुक्ता देऊन. ‘सकाली’ तीनदा. ‘आणी’ तीनदा. ‘माझा शहर’, ‘आपला शहर’ अशा लिंगाच्या दोन. आणि एक ‘स्वछ’. झाले 23. आता यात चुका किती? माझं उत्तर आहे पाच, फार तर साडेपाच.

‘कि’ आणि ‘शक्ति’ ही एकच गोष्ट आहे. पोरगा हिंदी बरोबर लिहितोय! हिंदीत ‘कि’ ह्रस्व, ‘शक्ति’ ह्रस्व, शाळेत मीच त्याच्यासारख्या पोरांना ते शिकवलंय. मराठीत शेवटचा इकार दीर्घ, म्हणून ‘की’, ‘शक्ती’, ‘कवी’, संस्कृतातून आलेला शब्द असला तरी. मराठी साहित्य महामंडळाचे जे नियम 1962 मध्ये शासनाने मान्य केले आणि 1972 मध्ये त्यात आणखी चारांची भर पडली, त्यातलाच हा नियम. म्हणजे त्याला नऊ गोल नको होते, एक ओळ हवी होती: ‘हिंदीत शेवटी ह्रस्व लिहितोस ते मराठीत दीर्घ कर.’ नुक्ता तसाच, मराठीत ड खाली टिंब देत नाहीत, संपलं, पाच गोल गेले. ‘सकाली’ म्हणजे ळ चा प्रश्न, इथल्या पोरांची जीभच ल वर जाते कारण दिवसभर कानावर हिंदी, तो ऐकण्याचा प्रश्न आहे लिहिण्याचा नाही, त्याला ‘सकाळ, शाळा, काळा’ मोठ्याने म्हणायला लावायचं. लिंगाचंही हिंदीचंच, मेरा शहर म्हणून माझा शहर.

‘आणी’ची मात्र मजा आहे. ती चूक नियम न येण्याची नाही, नियम येण्याची आहे! कुणीतरी त्याला सांगितलं असणार की मराठीत शेवटचा इकार दीर्घ, आणि त्याने प्रामाणिकपणे ‘आणी’ केलं. त्याला बिचाऱ्याला माहिती नाही की ‘आणि’ आणि ‘नि’ हे दोन अपवाद आहेत. मग तोच पोरगा ‘कि’ का लिहितो म्हणाल तर ‘कि’ हाताला हिंदीतून बसलेला, तिथे डोकं चालतच नाही. अशा पोराला तोच लाल गोल ‘कि’लाही आणि ‘आणी’लाही मिळाला तर त्याला वाटतं, एकदा दीर्घ कर म्हणतात एकदा ह्रस्व कर म्हणतात, यांचं यांनाच कळत नाही. आणि ‘स्वछ’ ही नुसती घाई, कारण त्याच पानावर बाकी सगळीकडे ‘स्वच्छ’ बरोबर आहे. हे ओळखायची सोपी रीत हीच, तोच शब्द पानावर दुसरीकडे शोधायचा. सगळीकडे तसाच चुकला असेल तर सवय, एकदाच चुकला असेल तर घसरण, आणि घसरणीवर शाई खर्च करू नये.

त्यात पुन्हा हा फोटो आहे, वही नाही. हा मुद्दा कुणी लक्षातच घेत नाही. देवनागरीत शुद्धलेखनाचा अर्धा कारभार टिंबं आणि वेलांट्यांवर चालतो, आणि फोटोत नेमकं तेच मरतं. ट्यूबलाइटखाली काढलेला, हाताची सावली पडलेला, व्हॉट्सॲपने दाबून बारीक केलेला फोटो, त्यात अनुस्वार दिला होता की नाही हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मागच्या पानाची शाई उमटलेली असते तिचं टिंब इकडे अनुस्वार होऊन बसतं. घाईत लिहिलेल्या घ-ध, भ-म मध्ये तर ज्याचा त्याचा अंदाज. त्या पाच नुक्त्यांपैकी एक, नंतर वही हातात घेतली तेव्हा कळलं, नुक्ता नव्हताच, वहीच्या स्वस्त कागदातला काळा ठिपका होता. म्हणजे माझे गोलसुद्धा 22च खरे! फोटोवरून सगळ्यात खात्रीने न सांगता येणारी गोष्ट म्हणजे शुद्धलेखन आणि आपण सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात तेच सांगतो.

(पाठवणाऱ्यांना एवढंच, दिवसा खिडकीजवळ, बरोबर वरून फोटो काढा आणि फोटो म्हणून नाही तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही. आणि तपासणाऱ्यांनी फोटोवर जाड लाल पेनने गिरगटू नये, खालचं अक्षर झाकलं जातं, त्यापेक्षा ‘पान 1, ओळ 7’ असं लिहावं. आणि हो, 80 लोकांच्या ग्रुपवर पोराच्या नाव-रोल नंबरसकट तर नकोच नको.)

आता मार्क. इथे माझं आणि भावाचं कडाक्याचं वाजतं. तो म्हणतो, ताई, पोरांना आकडा पाहिजे असतो, बाकी तुझं प्रवचन कोण वाचतं. बरोबर आहे, आकडाच वाचतात, म्हणून तर देऊ नये! रूथ बटलर नावाच्या बाईंनी इस्रायलमधल्या शाळांत यावर केलेलं काम 1988 मध्ये छापून आलंय. काही मुलांना नुसते मार्क, काहींना नुसते शेरे आणि काहींना दोन्ही. नुसते शेरे मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. मार्क मिळालेली नाही. आणि दोन्ही मिळालेली? तीही नाही, नुसते मार्कवाल्यांसारखीच. शेऱ्याच्या शेजारी आकडा ठेवला की शेरा वाया जातो. मला हे वाचायच्या आधीच माहिती होतं असं म्हणणं खोटं होईल, पण वाचल्यावर वर्गातली ती सगळी पोरं आठवली जी वही परत मिळाल्यावर वर कोपऱ्यात बघायची, शेजारच्याचा कोपरा बघायची आणि वही दप्तरात.

आणि आकडा तरी खरा असतो का? अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघांनी 1912 मध्ये हायस्कूलच्या मुलांचे इंग्रजीचे दोन पेपर सव्वाशेहून जास्त शिक्षकांकडून तपासून घेतले, 100 पैकी. एका पेपरला 64 पासून 98 पर्यंत मार्क आले, दुसऱ्याला 50 पासून 97 पर्यंत. तोच पेपर! आणि हे सगळे शिक्षक, प्रश्न समोर असताना. मग मी रात्री पलंगावर, प्रश्न माहिती नाही, किती मार्कांचा ते माहिती नाही, बाकीच्या पोरांनी काय लिहिलं ते माहिती नाही, आणि ‘7/10’ लिहून पाठवते, तर तो आकडा पेपरचा नाही, माझ्या मूडचा आहे.

प्रश्न माहिती नसणं किती महाग पडतं त्याचं उदाहरण माझ्याच भाचीचं आहे, दहावीतली. बहिणीने इतिहासाच्या एका उत्तराचा फोटो पाठवला, पुन्हा तेच ‘जरा चेक कर ना’. असहकार चळवळीवर जवळपास एक पान. 1920, विदेशी मालावर बहिष्कार, शाळा-कोर्टं सोडणं, वकिलांनी वकिली सोडली, सगळं क्रमाने, अक्षर सुंदर, आणि शेवटी दोन ओळी की फेब्रुवारी 1922 मध्ये चौरी चौराला पोलीस ठाणं जाळलं आणि गांधीजींनी चळवळ मागे घेतली. मी खूश होऊन लिहिलं, छान आहे, अजून खिलाफतचा उल्लेख कर, असं कर तसं कर, चांगल्या 15 ओळी. मनात म्हटलं, तीनपैकी तीन. बहिणीचा फोन आला, अगं, हा शाळेतून तपासून आलेला पेपर आहे, तीनपैकी एक दिलाय, आम्हाला विचारायचंय की बरोबर दिलाय का!

फोटो परत उघडला. खरंच, डाव्या कडेला लाल शाईचा एक टिक अर्धा कापलेला दिसत होता, तो मी बघितलाच नव्हता, आणि मार्क फोटोच्या बाहेर राहिले होते. मग प्रश्न मागवला. प्रश्न होता: गांधीजींनी असहकार चळवळ मागे का घेतली? ‘का’. पानभर ‘काय झालं’ लिहिलेलं आणि ‘का’साठी शेवटच्या दोन ओळी, त्यातही घटना होती, कारण नव्हतं. चळवळ ठिकठिकाणी हिंसक होत चाललीय असं गांधीजींना वाटलं आणि मोठ्या लढ्याआधी सत्याग्रहींना नीट तयार करायला हवं असं त्यांचं मत झालं, हे पुस्तकातलंच वाक्य, ते कुठेच नाही. शिक्षिकेने दिलेला एक मार्क बरोबर होता. एवढंच नाही, तर माझ्या ‘अजून खिलाफत टाक’ने ती पुढच्या वेळी अजून एक ओळ भलतीकडेच लिहून आली असती. प्रश्न नसताना उत्तर तपासणं म्हणजे कुलूप न बघता किल्ली चांगली आहे म्हणणं.

बहिणीला मी सांगितलं, शाळेत जाऊन भांडू नकोस, पोरीला प्रश्नातल्या ‘का’ खाली रेघ मारायची सवय लाव. ती माझ्यावर दोन दिवस रुसली. तिला मार्क वाढवून मिळतील असं ऐकायचं होतं.

मग करायचं काय? मी आता फोटो आला की मजकूर वाचायच्या आधी कागद बघते. समासात टिक-क्रॉस आहेत का, म्हणजे आधीच तपासलेला. प्रश्न क्रमांक आहे का, म्हणजे पेपर, निबंध नाही. खाडाखोड आहे का, बाण काढून वाक्यं वर-खाली नेलीत का, म्हणजे कच्चा ड्राफ्ट, याच्यात अजून जागा आहे. की एकदम सुबक, मार्जिन आखलेली, शीर्षकाखाली डबल रेघ, म्हणजे फेअर कॉपी झालीय आणि आता मुद्दा बदला म्हटलं तर पोरगं रडणार. एवढं बघायला एक मिनिट पुरतं आणि निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडतं.

नाही सापडलं तर विचारायचं, पण ‘काय चेक करू?’ असं विचारायचं नाही. मी हे खूप वेळा विचारून बघितलंय, उत्तर एकच येतं, ‘सगळंच’. त्यापेक्षा दोन प्रश्न: कधी द्यायचंय आणि कोण वाचणार? उद्या सकाळी द्यायचंय तर रचना बदलायला सांगण्यात अर्थ नाही, चुकीचे आकडे-नावं आणि दोन-तीन सवयी, बास. चार दिवस आहेत तर मजकूर. कोण वाचणार यावर तर भाषेचा नियमसुद्धा बदलतो, हिंदीच्या बाई वाचणार असतील तर ‘शक्ति’ बरोबर आणि मंडळाचे परीक्षक वाचणार असतील तर चूक. आणि उत्तर आलंच नाही, जे बऱ्याचदा होतं, तर मी तीन ओळी पाठवते. यातलं तुझं सगळ्यात चांगलं वाक्य कोणतं आणि का. एक गोष्ट जी वाचणाऱ्याला कळत नाहीये किंवा चुकीची आहे. आणि एक लिहिण्याची सवय. तीनच. चौथी आठवली तरी गिळायची, आणि मला विचाराल तर सगळ्यात अवघड भाग तोच आहे.

त्या आठवीतल्या पोराला असं पाठवलं असतं तर काय गेलं असतं? ‘आजोबा आणि चहाच्या पत्तीचं वाक्य सगळ्यात भारी, निबंध तिथूनच सुरू कर, आणि आजी ती पत्ती मग कुठल्या डब्यात टाकते तेही सांग. 2016 नाही, 2017. आणि हिंदीतला कि मराठीत की.’ तीन ओळी. ‘आणी’ आणि ‘सकाली’ तसेच राहिले असते, राहू देत. मंडळाच्या परीक्षकांनी त्याचा अर्धा मार्क कापला असता, कापू देत.

इथे आया माझ्यावर तुटून पडतात, की तुम्हाला काय जातं म्हणायला, शुद्धलेखनाचे मार्क कापतात ना. कापतात. मी नाही म्हणतच नाहीये. फेअर कॉपीच्या आदल्या रात्री मीही बसून सगळ्या वेलांट्या बघते, पण ती त्या रात्रीची गोष्ट आहे, पहिल्या रात्रीची नाही. जो पॅरा उद्या काढूनच टाकायचाय त्याच्या वेलांट्या आज कशाला? आणि त्यातला एक मोठा हिस्सा असा आहे की पोराने मुळात मागितलेलंच नसतं, आईने परस्पर वही उचलून फोटो काढलेला असतो, माझं उत्तर आईकडे जातं, आई पोराला ओरडते. या त्रिकोणात मी काय तपासतेय ते मलाही कळत नाही, म्हणून आता म्हणते, पोरालाच पाठवू दे.

एका बाबतीत भावाचं ऐकावं लागलं, ते कबूल करते. त्याच्याकडे येणारी मोठी मुलं, राज्यसेवा किंवा यूपीएससीवाली, त्यांना मार्क हवे असतात आणि तिथे ते देण्यात अर्थ आहे, कारण तिथे मोजपट्टी समोर असते. यूपीएससीच्या मेन्समध्ये सामान्य अध्ययनाच्या, म्हणजे जीएसच्या, पहिल्या तीन पेपरांना प्रत्येकी 20 प्रश्न, 250 मार्क, तीन तास, 10 मार्काला 150 शब्द आणि 15 मार्काला 250. प्रश्न छापील, मार्क छापील, आणि एकाच सेटची 40 उत्तरं त्याच्या टेबलावर, म्हणजे तुलना आहे. पण तिथेही त्याला मी एक विचारलं, हे उत्तर किती वेळात लिहिलंय ते फोटोत दिसतं का? तीन तासांत 20 म्हणजे एका प्रश्नाला नऊ मिनिटं. एका पोराचं 15 मार्कांचं उत्तर त्याने मला कौतुकाने दाखवलं होतं, नऊ दिलेले, भारी उत्तर, आकृतीबिकृती काढलेली. मी म्हटलं विचार त्याला. पोरगा म्हणाला, सर, 35 मिनिटं लागली, मध्ये चहा पण घेतला. भाऊ गप्प. आता त्याच्या वर्गात नियम आहे, वर कोपऱ्यात सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ लिहिल्याशिवाय फोटो पाठवायचा नाही. माझ्यामुळे झालंय ते, पण तो मान्य करणार नाही.

शिक्षकांच्या बाजूचं एक राहिलं. ‘प्लीज चेक’ फुकट येतं पण तपासणं फुकट होत नाही, दोन पानं नीट वाचून तीन ओळी लिहायला मला 20 मिनिटं लागतात, गोल करायला लागायचं त्याहून जरा कमीच. ज्या शिक्षिकेच्या वर्गात 40 पोरं आहेत तिने रात्री कुणाचं बघायचं आणि कुणाचं नाही? ती टिक मारणार, आणि ते चूक आहे असं मी तरी म्हणणार नाही.

काल रात्री पुन्हा एक आलाय. ओळखीच्यांची ओळख, फोटो आडवा, पान दुसरं आधी आणि पहिलं नंतर, खाली ‘प्लीज चेक मॅम’. कागद बघितला, वर उजव्या कोपऱ्यात लाल शाईत ‘8/’ एवढं दिसतंय, पुढचं फोटोत कापलं गेलंय. दहापैकी आठ असेल तर गोष्ट वेगळी आणि वीसपैकी असेल तर एकदम वेगळी, म्हणून मी लिहिलं, ‘आठ खाली किती आहे ते सांगाल का, आणि प्रश्नाचा फोटो?’

सकाळी उत्तर आलं, एक अंगठा.